९९.९ टक्के, पण कशाचे?

एखादी बँक, रुग्णालय किंवा महापालिका संगणकसेवा पुरवणाऱ्या कंपनीशी करार करते, तेव्हा मजकूर भरपूर पानांचा असला तरी पैशांची खरी बोली एखाद्या परिशिष्टातल्या तक्त्यात असते. सेवा किती वेळ चालू राहील, बिघाडाची दखल किती वेळात घेतली जाईल, तो किती वेळात दूर होईल आणि यातले काही चुकले तर बिलातून किती रक्कम वळती होईल, हे सगळे तिथे मांडलेले असते. अशा सेवा पातळी कराराला कचेऱ्यांत सगळे ‘एसएलए’च म्हणतात. त्याचा तक्ता मुद्रितशोधनासाठी आला, की शब्दांची वर्तनी पाहायची, टक्क्याची चिन्हे एकसारखी करायची, रकाने सरळ आहेत ना ते बघायचे आणि पुढच्या पानाकडे वळायचे, असा सर्वसाधारण रिवाज आहे. माझे म्हणणे असे, की हा तक्ता नुसता वाचून तपासता येत नाही, तो सोडवून पाहावा लागतो. त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक गणित असते. आकड्याची मिनिटे किंवा रुपये करून पाहिल्याशिवाय दोन ओळी एकमेकींशी जुळतात की भांडतात, हे कळत नाही.

उदाहरणासाठी एक तक्ता रचू. एका सहकारी बँकेने आपली संगणकप्रणाली बाहेरच्या पुरवठादाराकडे चालवायला दिली आहे, महिन्याचे शुल्क १२ लाख रुपये. पहिली ओळ: ‘उपलब्धता किमान ९९.९ टक्के’. दुसरी: ‘नियोजित देखभाल महिन्याला ४ तास’. तिसरी: ‘अतितातडीच्या तक्रारीचा रिस्पॉन्स टाइम ३० मिनिटे, निराकरण ४ तास’. चौथी: ‘इतर तक्रारींची दुरुस्ती १ दिवसात’. पाचवी: ‘९५ टक्के व्यवहारांचा रिस्पॉन्स टाइम २ सेकंद’. खाली वजावटीचा छोटा तक्ता: ‘अपटाइम ९९.५ ते ९९.९ टक्के असल्यास ५ टक्के वजावट, ९९.० ते ९९.५ टक्के असल्यास १० टक्के. ९९ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास १५ टक्के’. यात शुद्धलेखनाची चूक नाही आणि वरवर पाहता काही खटकतही नाही. तरीही हा तक्ता असाच छापला गेला, तर पहिल्याच मोठ्या बिघाडानंतर दोन्ही बाजू आपापल्या परीने प्रामाणिक राहून वेगवेगळी बिले मांडतील.

पहिल्या ओळीपासून सुरुवात करू. ९९.९ टक्के हा आकडा पुरा नाही, कारण टक्के नेहमी कशाचे तरी असतात आणि ते ‘कशाचे’ इथे लिहिलेले नाही. तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात. त्यातला ०.१ टक्का म्हणजे ४३.२ मिनिटे, म्हणजे महिन्याकाठी पाऊण तासाच्या आत सेवा बंद राहिली तर चालेल. मोजणी तिमाहीवर केली, की नव्वद दिवसांत हीच सवलत १२९.६ मिनिटांची होते, आणि ती सगळी एकाच दिवशी वापरून टाकायला पुरवठादाराला कोणी अडवू शकत नाही. त्या महिन्यापुरती उपलब्धता ९९.७ टक्क्यांवर आली तरी तिमाहीचा आकडा ९९.९ राहतो आणि करार पाळलेला ठरतो. वर्षावर मोजले तर सवलत ५२५.६ मिनिटांची, म्हणजे पावणेनऊ तासांची. उलट बाजूने, मोजणी फक्त शाखांच्या कामकाजाच्या वेळेची धरली, दिवसाला आठ तास आणि महिन्याला पंचवीस दिवस, तर महिना १२,००० मिनिटांचा होतो आणि सवलत उरते १२ मिनिटे; पण मग रात्री एटीएम बंद पडले तर ते या हिशेबात येतच नाही. आकडा तोच ठेवून १२ मिनिटांपासून पावणेनऊ तासांपर्यंतचे अर्थ निघतात. म्हणून टक्क्याच्या प्रत्येक आकड्यापुढे दोन गोष्टी लिहिलेल्या आहेत का, ते पाहायचे: हे टक्के कोणत्या एकूण वेळेचे आणि तो वेळ किती काळाने नव्याने मोजायला सुरुवात होते. दोन्ही नसतील तर ती शंका ग्राहकाकडे गेलीच पाहिजे.

आता दुसरी ओळ पहिलीशेजारी ठेवा. नियोजित देखभालीचे चार तास म्हणजे २४० मिनिटे. ती बंद काळात मोजली तर ४३.२ मिनिटांची मर्यादा कोणत्याच महिन्यात पाळता येणार नाही, म्हणजे तक्ता स्वतःलाच खोटा पाडतो. ती वगळायची असावीत, असा तर्क कोणीही करील, पण वगळायची तर कशातून? केवळ बंद काळातून, की एकूण वेळेतूनही? एकूण वेळेतूनही काढली तर महिना ४२,९६० मिनिटांचा आणि सवलत ४२.९६ मिनिटांची होते. फरक अगदी थोडा आहे, पण वाद लागला की सूत्र एकच लागते. याहून मोठी बाब अशी, की देखभाल आणि पूर्ण सवलत दोन्ही वापरली तर सेवा महिन्यात २८३.२ मिनिटे बंद राहील आणि बँकेच्या ग्राहकाला प्रत्यक्षात मिळणारी उपलब्धता ९९.३४ टक्के असेल. तो सौदा बँकेला मान्य असू शकतो. मुद्रितशोधकाला तो बदलायचा नाही; दोन ओळींचा एकत्र अर्थ काय होतो, एवढे लिहून समोर ठेवायचे आहे. ओळी एकेक करून वाचल्या तर हा अर्थ दिसत नाही, कारण तो कोणत्याही एका ओळीत नसतोच.

दशांश चिन्हापुढे किती अंक आहेत, याकडे बहुतेक जण मांडणीचा प्रश्न म्हणून पाहतात. एका ठिकाणी ९९.९ आणि दुसरीकडे ९९.९० दिसले, की जास्तीचे शून्य खोडून दोन्ही सारखे करायचा मोह होतो. हा मोह आवरावा. ते शून्य मोजणी किती बारकाईने होणार हे सांगत असते. महिन्याचा अहवाल एका दशांशापर्यंत द्यायचा असेल, तर ९९.८५ हा आकडा नेहमीच्या नियमाने ९९.९ असा पूर्ण होतो. ०.१५ टक्का म्हणजे ६४.८ मिनिटे. ४३.२ मिनिटांची सवलत निव्वळ पूर्णांकनाने दीडपट झाली. दोन दशांशांचा अहवाल असेल तर ९९.८९५ पर्यंतचा आकडा ९९.९० होतो, म्हणजे सवलत ४५.३६ मिनिटांपर्यंतच ताणता येते. तेव्हा खोडायच्या आधी विचारायचे, की अहवालात किती दशांश दाखवणार आहात, आणि उद्दिष्टाशी तुलना पूर्णांकनाआधीच्या आकड्याची होणार की नंतरच्या. उत्तर आले, की संबंधित सगळ्या रकान्यांत तितकेच दशांश आणावेत. आकडा आणि टक्क्याचे चिन्ह यांत मोकळी जागा असावी की नसावी, हा मात्र खरोखरच मांडणीचा प्रश्न आहे. एक पद्धत धरावी आणि शेवटपर्यंत पाळावी.

पूर्णांकनाचा सगळ्यात महागडा परिणाम वजावटीच्या तक्त्यात दिसतो. ‘९९.५ ते ९९.९’ आणि ‘९९.० ते ९९.५’ असे दोन टप्पे आहेत; मग बरोबर ९९.५ आले तर वजावट ५ टक्के की १०? शुल्क १२ लाख असल्यामुळे प्रश्न ६०,००० रुपयांचा आहे, कारण एका उत्तराने ६०,००० कापले जातात आणि दुसऱ्याने १,२०,०००. यावर नेहमीचा आक्षेप असा, की नेमके ९९.५ येईलच कधी? एका दशांशाचा अहवाल असेल तर ते अगदी सहज येते. ९९.४५ पासून ९९.५५ च्या अलीकडचा प्रत्येक आकडा अहवालात ९९.५ म्हणूनच छापला जाईल. मिनिटांत पाहिले तर सेवा साधारण १९४ ते २३८ मिनिटे कितीही वेळ बंद राहिली तरी उत्तर ९९.५ येते. कागदावर रेघेइतकी बारीक दिसणारी सीमा प्रत्यक्षात ४३ मिनिटे रुंद आहे. वरच्या टोकालाही तीच अडचण आहे: ९९.९ आले तर पहिल्या ओळीप्रमाणे उद्दिष्ट गाठले, कारण ‘किमान’ ९९.९ हवे होते. पण वजावटीच्या तक्त्याप्रमाणे तो आकडा ५ टक्क्यांच्या टप्प्यातही बसतो. ‘९९.५० ते ९९.८९’ असे लिहून काही जण यातून वाट काढतात. ती वाट दोन दशांशांच्या अहवालापुरतीच चालते. तीन दशांश आले, की ९९.८९५ कोणत्याच टप्प्यात बसत नाही. खात्रीची रचना म्हणजे ‘९९.९ पेक्षा कमी, पण ९९.५ किंवा त्याहून अधिक’. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने जाहीर केलेल्या सेवा करारांतले टप्पे याच धर्तीवर शब्दांत लिहिलेले आढळतात. लांबलचक वाटतात, पण प्रत्येक सीमा एकाच टप्प्याच्या वाट्याला येते. तपासायची रीतही सोपी आहे: प्रत्येक सीमेसाठी तीन आकडे घ्यायचे, सीमेच्या किंचित वर, नेमका सीमेवर आणि किंचित खाली, आणि प्रत्येकाला तक्त्यात एकच जागा मिळते का पाहायचे. दोन जागा मिळाल्या किंवा एकही मिळाली नाही, तर तक्ता अपुरा आहे.

त्याच तक्त्यात ‘५ टक्के वजावट’ कशातून, हेही लिहिलेले नाही. महिन्याच्या शुल्कातून, की तिमाहीच्या बिलातून, की फक्त बंद पडलेल्या सेवेच्या शुल्कातून? आणखी एक फसवी जागा म्हणजे टक्क्यांतल्या आकड्याचीच घट किंवा वाढ टक्क्यांत लिहिणे. फसलेल्या व्यवहारांचे प्रमाण २ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे आणि ‘१० टक्क्यांपर्यंत वाढ’ माफ, असे कोणी लिहिले, तर मर्यादा २.२ टक्के की १२ टक्के? पहिला अर्थ २ चा दहावा भाग वाढवतो, दुसरा सरळ दहा अंक मिळवतो. इथे ‘२.२ टक्क्यांपर्यंत माफ’ असा अंतिम आकडाच लिहायला सुचवावे. वाचणाऱ्याला मनात गणित करावे लागले, की तो आपल्या सोयीचे करतो.

एककांपैकी सेकंद आणि मिलिसेकंद यांची सरमिसळ सहज दिसते आणि सहज सुधारते. जोडणीच्या वेगात मात्र एका अक्षराने आठपट फरक पडतो: Mbps म्हणजे सेकंदाला मेगाबिट, MBps म्हणजे मेगाबाइट, आणि आठ बिटांचा एक बाइट. मसुद्यात MBPS असे सगळेच मोठ्या लिपीत आले असेल तर कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते अक्षरांवरून ठरवता येत नाही, विचारावेच लागते. ज्या एककांत चूक लपून राहते ती मात्र रोजच्या वापरातली आहेत, म्हणजे तास आणि दिवस. ‘निराकरण ४ तास’ म्हणजे घड्याळाचे चार तास की कामकाजाचे? बँकेची वेळ दहा ते सहा धरा. सप्टेंबर २०१५ पासून आपल्याकडे बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. दुसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता तक्रार नोंदवली, तर घड्याळाच्या हिशेबाने रात्री नऊपर्यंत प्रणाली चालू झाली पाहिजे. कामकाजाच्या हिशेबाने शुक्रवारी एक तास भरतो, उरलेले तीन सोमवारी दुपारी एकला पुरे होतात. मधे ६८ तास गेले आणि करार तसूभर मोडला नाही. ‘१ दिवसात’ या चौथ्या ओळीतही हाच पेच आहे, वर २४ तास की ८ तास हा प्रश्न वेगळा. ज्या तक्त्यात काही ओळी तासांत आणि काही दिवसांत असतात तिथे दोन्ही एकाच एककात आणायला सुचवावे; त्या सूचनेनेच एका दिवसाचे तास किती धरायचे हा प्रश्न वर येतो. घड्याळ कोणते, हेही विचारात घ्यावे. पुरवठादाराची यंत्रणा जागतिक प्रमाणवेळेने नोंदी ठेवत असेल तर तिचा महिना भारतात एक तारखेला पहाटे साडेपाचला सुरू होतो. एक एप्रिलच्या रात्री दोन वाजता वर्षअखेरीचे काम चालू असताना प्रणाली बसली, तर बँक ते एप्रिलच्या खात्यात धरील आणि पुरवठादार मार्चच्या.

आता शब्द. तक्त्यात ‘रिस्पॉन्स टाइम’ दोनदा आला आहे, एकदा ३० मिनिटांचा आणि एकदा २ सेकंदांचा. पहिला माणसाचा आहे, तक्रार नोंदवल्यापासून अभियंत्याने तिची दखल घेईपर्यंतचा. दुसरा यंत्राचा आहे, कळ दाबल्यापासून पडद्यावर उत्तर येईपर्यंतचा. एका शब्दाला दोन अर्थ, म्हणून एकाला ‘तक्रारीची दखल’ असे वेगळे नाव द्यायला हवे. उलट ‘उपलब्धता’ आणि ‘अपटाइम’, ‘निराकरण’ आणि ‘दुरुस्ती’ या जोड्यांत एकाच अर्थाला दोन शब्द असावेत असे वाटते. इथेच खरी सावधगिरी लागते, कारण ‘असावेत’ हा आपला अंदाज आहे. सर्व्हर चालू आहे, पण मधली जोडणी तुटल्यामुळे शाखेतून काम करता येत नाही, अशा वेळी पुरवठादाराच्या दृष्टीने अपटाइम पुरता भरतो आणि बँकेच्या दृष्टीने उपलब्धता शून्य असते. तात्पुरत्या उपायाने काम सुरू करून देणे आणि बिघाडाचे मूळ काढून टाकणे, यांतही काही तासांचा किंवा आठवड्यांचा फरक असतो. मसुदा लिहिणाऱ्याने दोन शब्द मुद्दाम वापरले असतील, तर शोध-बदल करून दोन्ही एक करणारा मुद्रितशोधक एकवाक्यता आणताना सौदाच बदलून टाकतो. पाचव्या ओळीतले ‘९५ टक्के व्यवहार’ हे शब्दही असेच जपावेत. सरासरी २ सेकंद ही वेगळी अट आहे: शंभरातले नव्वद व्यवहार एका सेकंदात आणि दहा अकरा सेकंदांत झाले तरी सरासरी दोनच येते, पण ९५ टक्क्यांची अट मोडलेली असते.

यावर पहिला आक्षेप वकिलांच्या बाजूने येतो: कराराच्या सुरुवातीला व्याख्या दिलेल्या असतात, तेव्हा तक्त्यात एवढे खोलात जायचे कारण नाही. व्याख्या उपयोगाची आहेच, पण ती ज्या शब्दाची आहे त्याच शब्दाला लागू पडते. ‘उपलब्धता’ची व्याख्या पहिल्या कलमात काळजीपूर्वक केली आणि वजावटीच्या तक्त्यात ‘अपटाइम’ लिहिले, तर पैशांच्या कलमापर्यंत ती व्याख्या पोहोचतच नाही. करार वाचताना दोन वेगळे शब्द दिसले, की त्यांचा अर्थ वेगळा असणार असे धरून युक्तिवाद करणे कोणालाही सोपे जाते. दुसरा आक्षेप असा, की दोन्ही बाजूंच्या तंत्रज्ञांना काय अभिप्रेत आहे ते ठाऊक असते आणि प्रकरण न्यायालयात गेलेच तर न्यायाधीश वाजवी काय ते पाहतील. पण करार वर्षानुवर्षे चालतो, माणसे नोकऱ्या बदलतात आणि वजावटीचे बिल शेवटी लेखा विभाग बनवतो. न्यायालयाचे म्हणाल, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारभंगासाठी रक्कम लिहिलेली असली, की मिळणारी वाजवी भरपाई त्या रकमेच्या आतच राहते. तक्त्यातला आकडा अशा रीतीने कमाल मर्यादा बनतो. १० च्या जागी ५ लागू झाले, तर नुकसान जास्त झाल्याचे दाखवूनही वरची रक्कम पदरात पडणे कठीण.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: हे मुद्रितशोधकाचे काम नव्हे, अर्थ ठरवणे ही पक्षकारांची बाब आहे. तत्त्व मान्य, पण त्यावरून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. अर्थ ठरवायचा नाही म्हणूनच दुरुस्तीऐवजी शंका पाठवायची असते, आणि ती उत्तर देता येईल अशा शब्दांत. ‘मोजणीचा काळ स्पष्ट करावा’ असे लिहिले तर उत्तर येते ‘ठीक आहे’ आणि मसुदा तसाच राहतो. त्याऐवजी लिहावे: ‘ओळ १: ९९.९ टक्के दरमहा मोजल्यास ३० दिवसांत ४३.२ मिनिटे बंद चालेल, तिमाहीवर मोजल्यास ९० दिवसांत १२९.६. यांपैकी कोणते? वजावटीच्या तक्त्यातला अपटाइम हाच आकडा का?’ समोरच्याला केवळ निवड करायची असते. बहुतेक वेळा अशा शंकेनंतर दोन्ही पक्षांना कळते, की आपण वेगवेगळे धरून चाललो होतो.

उत्तरे आली, बदल झाले, की तक्ता पुन्हा पहिल्यापासून सोडवावा लागतो. महिन्याऐवजी तिमाही केली, तर ‘महिन्याला ४ तास’ देखभाल आणि ‘महिन्याच्या शुल्कातून’ वजावट या दोन्हींना हात लागतो. शिवाय तक्ता बहुधा एक्सेलमधून कराराच्या मसुद्यात चिकटवलेला असतो आणि तिथल्या चुका माणसाच्या नसतात. दशांश न दाखवणाऱ्या टक्क्यांच्या रकान्यात ९९.९ टक्के हा आकडा १००% असा दिसतो आणि तसाच छापला जातो. ‘४-८’ तास लिहिले, तर एक्सेल त्याची तारीख करून टाकते. म्हणून अंतिम प्रत मूळ फाइलमधल्या आकड्यांशी रकान्यागणिक ताडून पाहावी, आणि तीही सही होणाऱ्या पीडीएफवरूनच.